हंगामात कोर्टाचं समन्स आलं: मॅनेजरला कधी, कसं सांगायचं?

प्रश्न: मी पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. गाव हिंगणघाट तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी गावात दारूची धाड पडली तेव्हा पोलिसांनी मला पंच म्हणून सही करायला लावली होती. आता हिंगणघाट कोर्टाचं समन्स घरी आलं, आईने सही करून घेतलं. १८ डिसेंबरची तारीख आहे, म्हणजे ऐन कापसाच्या गर्दीत. मॅनेजरला सांगू की तब्येतीचं कारण देऊन सुटी घेऊ? सांगितलं तर त्यांना वाटेल मीच कशात तरी अडकलो. अर्धा दिवस पुरेल का?

उत्तर:

तब्येतीचं कारण देऊ नका आणि अर्धा दिवस मागू नका. आधी हे दोन सांगून ठेवतो, कारण गेली बावीस वर्षं तालुका कोर्टात वकिली करताना साक्षीदारांची नोकरीत झालेली गोची मी पाहिली ती बहुतेक या दोन गोष्टींमुळेच. वकिली सुरू करण्याआधी चार वर्षं मी एका जिनिंगच्या टाइम ऑफिसात हजेरीपट भरत होतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं तेही ठाऊक आहे.

आधी तो कागद नीट बघा. फोनवर आईने वाचून दाखवलेल्यावर जाऊ नका. गावातल्या कुणाला तरी दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांगा, आणि मूळ कागद पुढच्या फेरीत हातात घ्या. त्यावर कोर्टाचं नाव, खटल्याचा क्रमांक, तारीख, वेळ, न्यायाधीशांची किंवा त्यांच्या वतीने केलेली सही आणि कोर्टाचा गोल शिक्का असतो. सरकार विरुद्ध अमुक अशी नावं वर असतात आणि तुमचं नाव खाली, साक्षीदार म्हणून. लोक घाबरतात ते इथेच. वर ठळक अक्षरात ‘आरोपी’ दिसतं, खाली आपलं नाव दिसतं, आणि मधलं कुणी वाचत नाही. तुमचा मॅनेजरही वाचणार नाही. म्हणून झेरॉक्स काढली की त्या झेरॉक्सवर ‘साक्षीदार’ या शब्दाखाली पेनाने एक रेघ मारा. मूळ कागदावर मात्र काहीही खूण करू नका.

आईने सही केली म्हणून समन्स लागू होत नाही, असं कुणी सांगेल. त्या वादात पडू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. साक्षीदार स्वतः सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या कोणत्याही सज्ञान माणसाकडे समन्सची एक प्रत देऊन दुसरीवर सही घेता येते, असं त्यात आहे. जुन्या कायद्यात इथे ‘पुरुष’ हा शब्द होता, तो गेला. तुम्ही पांढरकवड्याला राहता की गावाला, हा मुद्दा वकील कोर्टात घालू शकतो, पण समन्स पोचलं हे तुम्हाला माहीत आहे आणि ते तुम्ही इथे लिहूनही बसलात. जायचं आहे, एवढं धरून चाला.

आता अर्धा दिवस का नको. कोर्टाची वेळ साधारण सकाळी ११ ची. तुम्ही साडेदहाला पोचून पैरवी हवालदाराला, म्हणजे पोलीस ठाण्याच्या वतीने कोर्टाचं काम बघणाऱ्या शिपायाला गाठायचं. तो तुम्हाला सरकारी वकिलांकडे नेईल. ते पंचनामा काढून दाखवतील, सही तुमचीच आहे ना ते विचारतील. मग पुकाराची वाट. सकाळच्या सत्रात जामीन, हजेऱ्या, नवीन प्रकरणं आटोपतात. साक्षी बऱ्याचदा त्यानंतर निघतात, कधी दुपारच्या सुटीनंतर. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात असले की आणखी तासभर. तुमची साक्ष झाली तरी ती टाइप होऊन, वाचून, सही होईपर्यंत चार वाजणं नेहमीचं आहे. पांढरकवडा ते हिंगणघाट एसटीने दीड-दोन तास, त्यात बस वेळेवर मिळाली तर. तुम्ही मॅनेजरला ‘दोन वाजेपर्यंत येतो’ म्हणालात आणि दोन वाजता काट्यासमोर पंधरा गाड्या उभ्या असल्या, तर खरं कारण सांगूनही खोटे पडाल. पूर्ण दिवस मागा. लवकर सुटलात तर तो बोनस.

तब्येतीच्या कारणाचं असं. साक्षीदार हजर होता, त्याची साक्ष नोंदवली, याची नोंद रोजनाम्यात होते आणि प्रकरणाची माहिती ऑनलाइन दिसते. ते बघत बसणारे मॅनेजर थोडे, हे खरं. पण बातमी फुटते ती वेगळ्याच वाटेने: हिंगणघाटच्या कोर्टाबाहेर चहा पिताना तुमच्याच जिनिंगला कापूस घालणारा एखादा शेतकरी भेटतो आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर येऊन विचारतो, ‘का गा, काल कोर्टात काय करत होता?’ शिवाय त्या दिवशी तारीख वाढली की पुढच्या वेळी पुन्हा आजारी पडावं लागतं. दोनदा एकाच पद्धतीने आजारी पडणारा माणूस टाइम ऑफिसच्या नजरेत येतोच. मीही तसाच पकडायचो.

एक प्रसंग सांगतो, चूक माझीच होती. हजेरीपटावर असताना एका प्रेसच्या कामगाराने तोंडी सांगितलं होतं की तो अपघाताच्या केसमध्ये साक्षीला जाणार आहे. मी ऐकलं आणि लिहून घ्यायचं विसरलो. त्या सकाळी फोरमनने त्याला ‘आज पाळी सोडली तर उद्या येऊ नको’ म्हटलं, तो बिचारा थांबला. पुढच्या तारखेला त्याच्या नावाने जामीनपात्र वारंट निघालं आणि ते बजावायला पोलीस थेट फॅक्टरीच्या गेटवर आले. सेठजी बाहेर येईपर्यंत अख्ख्या यार्डात बातमी पसरली होती की कामगाराला पकडायला गाडी आली. त्याचा दोष एवढाच की त्याच्याकडे कागद नव्हता. तोंडी सांगणं हे सांगणं नसतं, हे मी तेव्हा शिकलो.

म्हणून तुमच्या बाबतीत असं करा. समन्स सोमवारी ८ डिसेंबरला आलं असेल तर ८ किंवा ९ तारखेलाच मॅनेजरला सांगा. मधले नऊ-दहा दिवस ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. गर्दीच्या दिवसांत मॅनेजर सुटीवर चिडतो, पण त्याहून जास्त चिडतो ती आदल्या संध्याकाळी कळलेल्या सुटीवर. वेळ निवडा: सकाळी गाड्यांची रांग लागली असताना नाही, तर संध्याकाळी काटा बंद झाल्यावर, हिशेबाची चिठ्ठी द्यायला केबिनमध्ये जाता तेव्हा. बाहेर मुकादम, हमाल, ड्रायव्हर उभे असताना विषय काढू नका. हा तुमचा खासगी मामला नसला तरी ‘कोर्ट’ हा शब्द यार्डात लगेच पाय पसरतो.

बोलताना पहिलंच वाक्य तुम्ही कोण आहात ते सांगणारं असू द्या. ‘साहेब, कोर्टाचा कागद आला’ असं सुरू केलंत की समोरच्याच्या डोक्यात पुढची गोष्ट आपोआप तयार होते. त्याऐवजी असं:

‘साहेब, तीन वर्षांपूर्वी गावात पोलिसांनी मला पंच म्हणून घेतलं होतं. माझ्यावर काही नाही, मी साक्षीदार आहे. १८ तारखेला गुरुवारी हिंगणघाट कोर्टात साक्ष आहे, ही झेरॉक्स. एक पूर्ण दिवस लागेल. काट्यावर त्या दिवशी कोण बसेल ते मी बघून ठेवलं आहे.’

दारूची केस आहे हे स्वतःहून सांगायची गरज नाही. पण विचारलं तर लपवू नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पांढरकवडा यवतमाळ जिल्ह्यात, तिथे नाही. त्यामुळे तिकडच्या माणसाला ‘दारूची केस’ म्हणजे फार मोठं काहीतरी वाटू शकतं. आपल्याकडे धाडी पडतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला पंच म्हणून उभं करतात, हे दोन वाक्यांत सांगा. साक्षीत काय सांगणार ते मात्र मॅनेजरलाही नाही आणि गावातल्या कुणालाही नाही. आरोपीकडचा माणूस तुमच्या जिनिंगमध्ये ओळखीचा निघणं अशक्य नाही, आणि त्याच्यापर्यंत तारखेची बातमी गेली की फोन सुरू होतात.

बोलणं झालं की त्याच वेळी अर्ज द्या. रजेचा छापील फॉर्म असला तर तो भरा आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक काम’ लिहू नका. साध्या कागदावर द्यायचा असेल तर एवढं पुरे:

प्रति, मा. व्यवस्थापक.
विषय: न्यायालयात साक्षीसाठी हजर राहण्याकरिता दि. १८/१२/२०२५ रोजी एक दिवसाची रजा मिळण्याबाबत.
महोदय, मी आपल्याकडे वजनकाटा विभागात कामाला आहे. मला हिंगणघाट येथील न्यायालयाचे समन्स आले असून त्याप्रमाणे मला दि. १८/१२/२०२५ रोजी सकाळी ११ वाजता साक्षीदार म्हणून हजर राहणे बंधनकारक आहे. समन्सची प्रत सोबत जोडली आहे. त्या दिवशीची रजा माझ्या शिल्लक रजेतून मंजूर करावी. हजर राहिल्याचा न्यायालयाचा दाखला परत आल्यावर सादर करीन. साक्ष त्या दिवशी पूर्ण न झाल्यास न्यायालय पुढील तारीख देऊ शकते. तसे झाल्यास त्याच दिवशी कळवीन.
दि. ९/१२/२०२५. आपला विश्वासू.

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच लोक गाळतात. त्यावर पुढे येतो. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर ऑफिसचा शिक्का किंवा घेणाऱ्याची सही, तारखेसकट, घ्या आणि ती घरी ठेवा. शिक्का मारायला कुणी तयार नसेल तर अर्जाचा आणि समन्सचा फोटो मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, ग्रुपवर नाही.

काट्याची व्यवस्था तुम्हीच सुचवा, कारण मॅनेजरची खरी अडचण तीच आहे. पर्यायी माणसाचं नाव देणं पुरत नाही. जिनिंगच्या काट्यावर घोळ होतो तो रिकाम्या गाडीच्या वजनात. संध्याकाळी भरलेली गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन नोंदवलं जातं, खाली व्हायला रात्र होते आणि रिकामं वजन सकाळी घेतात. १७ तारखेला संध्याकाळी ज्या गाड्यांचं रिकामं वजन बाकी असेल, त्यांची यादी गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव आणि भरलेल्या वजनासकट एका कागदावर लिहून तुमच्या जागी बसणाऱ्याच्या हाती द्या आणि मॅनेजरलाही दाखवा. पावतीपुस्तक कोणत्या नंबरवर थांबलं तेही लिहा. ही यादी दिलीत की १८ ची रजा मॅनेजरला एक दिवसाची गैरहजेरी वाटत नाही, सोपवून गेलेलं काम वाटतं.

आता मॅनेजर नाही म्हणाला तर. ‘एक तारीख नाही गेला तर काही फाशी होत नाही, पुढच्या तारखेला जा’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येण्याची शक्यता भरपूर आहे. वाद घालू नका. शांतपणे एवढंच सांगा की समन्स हा कोर्टाचा हुकूम आहे. वाजवी कारणाशिवाय साक्षीदार गेला नाही तर कोर्ट त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ मध्ये कोर्टाच्या समन्सला मुद्दाम गैरहजर राहिल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खरं सांगायचं तर पंचाला एका गैरहजेरीसाठी तुरुंगात पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. जे होतं ते वारंट, आणि ते बजावायला पोलीस कामाच्या ठिकाणी येऊ शकतात. मॅनेजरला कैदेचं नाव सांगून उपयोग नसतो. गेटवर पोलिसांची गाडी उभी राहील, हे मात्र लगेच पटतं. तरीही नाही म्हणाला तर ‘साहेब, अर्जावर तसं लिहून द्या, मी कोर्टात दाखवतो’ असं नम्रपणे म्हणा. तसं लिहून देणारा मॅनेजर माझ्या पाहण्यात अजून यायचा आहे.

‘सीझन चालू आहे’ म्हणून सरकारी वकिलांकडून तारीख बदलून घ्यायचा प्रयत्न करू नका. प्रसूती, अपघात, दवाखान्यात भरती असं काही असेल तर कागद जोडून विनंती करता येते. कापसाची गर्दी हे कोर्टाच्या लेखी कारण नाही.

पगार कापतील का, हेही मनात असेलच. खासगी नोकरीत साक्षीसाठी वेगळी पगारी रजा सगळ्यांना मिळतेच असं नाही. दुकानात किंवा कार्यालयात असाल आणि महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ लागू असेल तर वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी असतात, त्या तिमाहीनुसार जमा होतात आणि वर्ष संपलं की बुडतात. म्हणजे डिसेंबरात शिल्लक असेल तर ती वापरणंच शहाणपण. जिनिंगमध्ये तुम्ही कायम की हंगामी, यावर सगळं अवलंबून आहे. हंगामी असाल आणि रजा जमा नसेल तर बिनपगारी रजा मागा, पण ‘मंजूर बिनपगारी रजा’ अशी नोंद करून घ्या. बिनपगारी रजा आणि विनापरवाना गैरहजेरी यांत त्या दिवसाचा पगार सारखाच जातो, पण हजेरीपटावरचा शेरा वेगळा असतो आणि पुढच्या हंगामाला बोलावताना तो शेराच बघतात.

कोर्टात गेल्यावर दोन कागद घेतल्याशिवाय परतू नका. एक, हजर राहिल्याचा दाखला. साक्ष झाल्यावर त्या कोर्टाच्या क्लार्ककडे साध्या कागदावर अर्ज करा: खटला क्रमांक, तुमचं नाव, ‘साक्षीदार म्हणून दिवसभर हजर होतो, नोकरीच्या ठिकाणी देण्यासाठी दाखला हवा’. पाचनंतर मागितलात तर ‘उद्या या’ ऐकावं लागेल, म्हणून साक्ष संपताच सांगा. दोन, एसटीचं तिकीट जपून ठेवा. फौजदारी खटल्यात कोर्ट शासनाच्या नियमांप्रमाणे साक्षीदाराला भत्ता देण्याचा आदेश करू शकतं. तो मागितल्याशिवाय सहसा कुणी आठवण करून देत नाही, म्हणून सरकारी वकिलांना सकाळीच विचारा.

आणि तारीख वाढली तर. साक्षीदार हजर असताना खास कारण नोंदवल्याशिवाय काम पुढे ढकलू नये असं कायदा सांगतो. तरी आरोपी हजर नाही, मुद्देमाल आला नाही, वकील नाहीत, न्यायाधीश रजेवर आहेत, यातलं काहीतरी होतं. अशा वेळी नवं समन्स घरी येईल अशी वाट बघू नका. पुढची तारीख तुम्हाला तिथेच सांगतात, कधी कागदावर सही घेतात, आणि तेवढ्यावर तुम्ही बांधले जाता. ‘मला परत कागद आलाच नाही’ म्हणणारे साक्षीदार वारंटात सापडतात ते असे. क्लार्ककडून तारीख लिहून घ्या, शक्य असेल तर दाखल्यावरच पुढची तारीख टाकायला सांगा, आणि बसमध्ये बसताच मॅनेजरला मेसेज करा: ‘साहेब, आज साक्ष झाली नाही, पुढची तारीख अमुक, दाखला उद्या देतो.’ तुमच्या अर्जात हे आधीच लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याला हे नवीन बहाणं वाटत नाही.

पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी services.ecourts.gov.in वर जिल्हा, कोर्ट, खटल्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष टाकून पुढची तारीख तीच दिसते का बघा. फरक दिसला तर पैरवी हवालदाराला फोन करून खात्री करा. नुसतं स्क्रीनवर वेगळं दिसलं म्हणून जाणं टाळू नका.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना समन्स साक्षीदार म्हणून नाही तर स्वतःच्या केसमध्ये आलं असेल, चेकचं, जमिनीच्या वाटणीचं, नवरा-बायकोचं, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. मॅनेजरला तारीख, वेळ आणि कोर्टाचं नाव कळणं पुरे. प्रकरणाचा तपशील द्यायची गरज नाही. समन्सची प्रत द्यायची नसेल तर ‘दाखला नंतर देतो’ असं लिहा आणि तो खरंच द्या. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा सरकारी नोकरांचं समन्स बहुधा कार्यालयप्रमुखांच्या मार्फतच येतं, त्यामुळे कळवण्याचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. कामाच्या संदर्भात साक्ष असेल तर ते कर्तव्य धरतात का, ते तुमच्या आस्थापना लिपिकाला अर्ज देण्याआधी विचारून घ्या.

तुमचं काम आज एवढंच: गावात फोन करून समन्सच्या मागच्या बाजूचाही फोटो मागवा. आईने सही केली ती प्रत हवालदार घेऊन गेला असेल, घरी राहिली ती दुसरी. ती भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवली असेल तर काढून पिशवीत घाला, १८ तारखेला सकाळी तीच लागेल.